काय मिळणार आणि काय नाही

‘वाचनालयातील दुर्मीळ ग्रंथसंपदेचे जतन व आधुनिकीकरण करून ती वाचकांना सहज उपलब्ध करून देणे.’

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असे वाक्य शोभून दिसते. सभेत ते वाचून दाखवले की माना डोलतात आणि ठराव एकमताने संमत होतो. हरकत घेण्यासारखे त्यात काही सापडत नाही, आणि अडचण तिथेच आहे. कोणती पुस्तके, किती, कोणत्या रूपात आणि कधीपर्यंत, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर या वाक्यात नाही. त्याखाली सही करणाऱ्याला आपण नेमके कशाला हो म्हणालो, हे दुसऱ्या दिवशी विचारले तर सांगता येणार नाही.

हे पान म्हणजे प्रोजेक्ट चार्टर. पैसे आणि अधिकार ज्याच्या हातात असतात तो प्रायोजक, म्हणजे स्पॉन्सर, या कागदावर सही करतो आणि त्या सहीने प्रकल्प जन्माला येतो. प्रकल्पप्रमुखाला माणसे कामाला लावण्याचा आणि पैसा खर्च करण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो. कागद दोन-तीन पानांचाच असतो. पुढे सविस्तर आराखडे, वेळापत्रके, निविदा असे बरेच काही तयार होते, पण वाद झाला की सगळे याच पानांकडे परत येतात. ‘हे यात धरले होते का?’ या प्रश्नाचे उत्तर तिथे नसेल, तर ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते.

मोघम उद्दिष्टाची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक नोंदलेले उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. बीबीसीने 2008 मध्ये ‘डिजिटल मीडिया इनिशिएटिव्ह’ नावाचा प्रकल्प मंजूर केला. टेपांचा जमाना संपवायचा, कर्मचाऱ्यांना आपल्या टेबलावरच्या संगणकावर ध्वनिचित्रफिती तयार करता, एकमेकांना देता आणि सांभाळता याव्यात, आणि जुना संग्रहही त्यातच यावा, अशी ती कल्पना होती. सुरुवातीला हे काम सीमेन्स कंपनीला ठरीव किमतीत दिले होते. 2009 मध्ये तो करार संपला आणि काम बीबीसीने स्वतःकडे घेतले. मे 2013 मध्ये प्रकल्प बंद करण्यात आला तेव्हा 9 कोटी 84 लाख पौंड बुडीत धरावे लागले. ब्रिटिश संसदेच्या लोकलेखा समितीने 2014 च्या अहवालात जे शिल्लक राहिले त्याचाही हिशेब मांडला. संग्रहाची सूची चाळण्याची एक प्रणाली उरली होती. तिचे नियमित वापरकर्ते अवघे 163. ती चालवायला वर्षाला सुमारे 30 लाख पौंड लागत होते, आणि जी चाळीस वर्षे जुनी प्रणाली ती हटवणार होती, तिचा खर्च वर्षाला 7 लाख 80 हजार पौंड होता.

या अपयशाला एकच कारण नव्हते. तांत्रिक अडचणी होत्या, वरिष्ठांची पकड ढिली होती, आणि सगळ्याला एकटा जबाबदार असा कोणी नव्हता, हे तिथल्या लेखापरीक्षकांनी स्पष्ट लिहिले आहे. तरीही मूळ कल्पनेकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ‘तयार करणे’, ‘देणे’ आणि ‘सांभाळणे’ ही तीन क्रियापदे म्हणजे तीन वेगळी कामे. त्यांचे वापरकर्ते वेगळे, यंत्रणा वेगळ्या आणि यशाच्या कसोट्याही वेगळ्या. ती एकाच घोषणेखाली आली की शेवटी हाती एक सूची उरली तरी प्रकल्प फसला की अंशतः साधला, हे कोणत्या मापाने ठरवायचे, हाच प्रश्न पडतो.

आता वाचनालयाच्या वाक्याकडे परत येऊ. त्यातही तीन क्रियापदे दडलेली आहेत.

समजा, एका जिल्ह्याच्या गावातले शंभरी ओलांडलेले सार्वजनिक वाचनालय आहे. ग्रंथसंख्या 42,000. जवळच्या एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, 15 लाख रुपये देण्याची तयारी दाखवली आहे. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालये आणि सांस्कृतिक वारशाचे जतन यांचा उल्लेख असल्याने विषय नियमात बसतो. कंपनीला बारा महिन्यांत काम संपवून हिशेब हवा आहे. कार्यवाहांनी वरचे वाक्य लिहून प्रस्ताव पाठवला, आणि कंपनीच्या सीएसआर विभागाच्या अधिकारी बाईंनी तो परत पाठवला. सोबत एकच शेरा होता: ‘आम्ही नक्की काय मंजूर करतो आहोत?’

कार्यवाहांना वाईट वाटणे साहजिक होते, पण शेरा योग्यच होता. प्रायोजकाने असा प्रश्न विचारला, तर प्रकल्पाचे नशीब चांगले समजावे.

वाक्य दुरुस्त करण्याची रीत साधी आहे. त्यातल्या प्रत्येक विशेषणाखाली आणि प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारायची. रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारायचे. याच्या शेवटी कोणाच्या हातात कोणती वस्तू पडणार? ती बरोबर आहे हे बाहेरचा माणूस कसे तपासणार? आणि हे कुठे थांबणार? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून डिलिव्हरेबल मिळते, म्हणजे हाती सोपवायची गोष्ट. दुसऱ्यातून ती स्वीकारण्याची कसोटी ठरते आणि तिसऱ्यातून सीमा. तिन्ही उत्तरे मिळून कामाची व्याप्ती, म्हणजे स्कोप, तयार होतो.

पहिला रेघ मारलेला शब्द ‘दुर्मीळ’. कार्यवाहांच्या मनात पहिल्या महायुद्धाच्या आधीची पुस्तके होती. अध्यक्षांना आपल्या आजोबांनी दिलेल्या पोथ्या आठवत होत्या. एका सदस्याला जुन्या मासिकांचे बांधीव खंड महत्त्वाचे वाटत होते. तिघांनीही ठरावाच्या बाजूने मत दिले होते, कारण प्रत्येकाने त्या शब्दात आपापला संग्रह वाचला होता. मोघम शब्द एकमत घडवतो ते असे. ते एकमत पहिल्या पुस्तकाचे पान यंत्राखाली ठेवेपर्यंतच टिकते.

इथे ग्रंथपाल बाईंनी दाखल नोंदवही काढली. वाचनालयात आलेले प्रत्येक पुस्तक तारीख आणि क्रमांकासह तिथे लिहिलेले असते. ‘1940 पूर्वी छापलेले’ हा सरळ नियम लावला तेव्हा नोंदवहीत 3,100 पुस्तके निघाली. कपाटांत प्रत्यक्ष शोधली तेव्हा 2,400 सापडली. दुबार प्रती वगळल्यावर 2,100 उरली. नोंदवहीतला आकडा तसाच चार्टरमध्ये गेला असता, तर शेवटी 700 पुस्तके ‘राहिली’ असे दिसले असते आणि ठपका स्कॅन करणाऱ्याच्या माथी बसला असता. व्याप्तीचा आकडा मोजून आलेला असावा लागतो, आणि मोजणी कशी केली हेही एका ओळीत नोंदवावे लागते.

पुढचे दोन शब्द ‘जतन’ आणि ‘उपलब्ध’. ते वाक्यात शेजारी बसतात, कायद्यात मात्र बसत नाहीत. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षे कॉपीराइट असतो. हरि नारायण आपटे 1919 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्या खुल्या झाल्या आहेत. वि. स. खांडेकरांची ‘उल्का’ 1934 ची, म्हणजे 1940 पूर्वीच्या यादीत बसणारी. पण खांडेकरांचे निधन 1976 चे, तेव्हा त्यांच्या लेखनावरचा हक्क 2036 अखेरपर्यंत आहे. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचाही स्वतंत्र हक्क पाहावा लागतो. कायद्याने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला एक सवलत दिली आहे. ज्या पुस्तकाची छापील प्रत ग्रंथालयाकडे आहे, त्याची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवता येते. ती प्रत वाचकांना वाटून देण्याची मोकळीक मात्र त्या सवलतीतून मिळत नाही.

म्हणजे ‘उल्का’ जतन करता येईल, पण वाचकाला पीडीएफ म्हणून देता येणार नाही. मूळ वाक्याने ही दोन्ही वचने एका दमात दिली होती. प्रायोजकाला इथे निवड करावी लागते: जतन आणि वाचन दोन्ही शक्य आहे तेवढीच पुस्तके घ्यायची, की काही पुस्तके केवळ जतनासाठीही घ्यायची? अधिकारी बाईंचे म्हणणे असे, की पैसा थोडा आहे तर जे वाचकांपर्यंत जाईल तेच आधी घ्या. त्या नियमाने यादी 1,800 वर आली.

आता आकडे कामाला लागतात. पुस्तकामागे सरासरी 220 पाने धरली तर 1,800 पुस्तकांची 3,96,000 पाने होतात. जुना कागद ठिसूळ असतो. पुस्तक उताणे करून काचेवर दाबता येत नाही, ते वरून छायाचित्र घेणाऱ्या यंत्राखाली व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवून एकेक पान हाताने उलटावे लागते. अशा रीतीने तासाला 250 पाने आणि दिवसात सहा तास प्रत्यक्ष काम धरले, तर दिवसाला 1,500 पाने होतात. एका यंत्रावर हे काम 264 दिवसांचे. महिन्याला कामाचे पंचवीस दिवस धरले तर साडेदहा महिने नुसत्या स्कॅनिंगला हवेत. यादी, निविदा आणि तपासणी यांना मग जागाच उरत नाही. स्कॅनिंग, तपासणी आणि फायलींना नावे देणे मिळून पानामागे चार रुपये असा दर धरला, तर एकट्या या कामाला 15 लाख 84 हजार लागतात. निधी 15 लाखांचा.

अशा ठिकाणी बरेच प्रस्तावकर्ते आकडा लपवतात. ‘जास्तीत जास्त पुस्तकांचे’ असा शब्द घालून पुढे जायचे, हा सोपा मार्ग असतो. तसे केले तर प्रायोजकाच्या मनात 1,800 राहतात आणि करणाऱ्याच्या मनात 900. त्यापेक्षा दोन पर्याय समोर ठेवावेत. 1,800 पुस्तके हवी असतील तर दुसरे यंत्र आणि जादा रक्कम लागेल. 15 लाख आणि बारा महिने हेच कायम ठेवायचे असतील तर 1,000 पुस्तके. हजार पुस्तकांची 2,20,000 पाने होतात, स्कॅनिंगला सुमारे 147 दिवस म्हणजे सहा महिने लागतात आणि खर्च 8 लाख 80 हजार येतो. उरलेल्या 6 लाख 20 हजारांत सूची, साठवण, वाचनकक्षातले संगणक, प्रशिक्षण आणि अडीअडचणीची राखीव रक्कम बसते. अधिकारी बाईंनी दुसरा पर्याय निवडला. मंजुरी म्हणतात ती या क्षणी मिळाली, कारण त्यांना दोन गोष्टींतून एक सोडावी लागली.

आता 1,800 मधली कोणती हजार? इथेही ‘महत्त्वाची’ असा शब्द चालत नाही. इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या बऱ्याच प्रती आधीपासून आहेत. तिथे जी मिळत नाहीत ती आधी घ्यायची, त्यात जास्त जीर्ण झालेली सर्वांत आधी, असा क्रम ठरला. ग्रंथपाल बाईंनी दाखल क्रमांकानुसार यादी करायची, समितीने ती एकदाच मंजूर करायची, आणि मंजूर यादी चार्टरला जोडायची. ही यादी म्हणजे प्रकल्पाचे पहिले डिलिव्हरेबल.

डिलिव्हरेबलची खूण अशी, की ते टेबलावर ठेवता येते किंवा उघडून दाखवता येते. ‘आधुनिकीकरण’ टेबलावर ठेवता येत नाही. चर्चेनंतर त्या शब्दाच्या जागी चार गोष्टी आल्या. हजार पुस्तकांच्या पानांची 400 डीपीआयची रंगीत मूळ छायाचित्रे आणि वाचकांसाठी प्रत्येक पुस्तकाची एक पीडीएफ. या सगळ्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत ठेवलेल्या. नाव, लेखक, वर्ष, विषय आणि दाखल क्रमांक यांनी शोधता येणारी सूची. आणि वाचनकक्षात दोन संगणक, ते चालवू शकणाऱ्या दोन प्रशिक्षित कर्मचाऱ्यांसह.

‘दोन प्रती’ हे शब्द वरवर किरकोळ वाटतात. लहान आकाराच्या पुस्तकाचे एक पान 400 डीपीआयने, न दाबता साठवले तर सुमारे 23 एमबी जागा घेते. 2,20,000 पानांना 5 टेराबाइट लागतात आणि दोन प्रतींना 10. हे आधी लिहिले नाही, तर शेवटच्या महिन्यात कोणी तरी मूळ छायाचित्रे पुसून फक्त पीडीएफ ठेवतो, कारण ‘जागा नव्हती’. पीडीएफ सहसा दाबून लहान केलेली असते. उद्या चांगल्या प्रतीची छपाई करायची झाली तर त्यातून पुरेसा तपशील मिळत नाही आणि पुस्तक तोवर आणखी जीर्ण झालेले असते.

स्वीकाराची कसोटीही तितकीच नेमकी असावी लागते. ‘उत्तम दर्जाचे स्कॅनिंग’ हे वाक्य निविदांमध्ये सर्रास आढळते आणि ते निरुपयोगी असते, कारण दर्जा उत्तम आहे की नाही यावर ठेकेदार आणि ग्रंथपाल कधीच एकमत होत नाहीत. त्याऐवजी असे लिहिता येते: काम 50 पुस्तकांच्या गठ्ठ्यांत सोपवले जाईल. प्रत्येक गठ्ठ्यातील पाच पुस्तके चिठ्ठी टाकून निवडली जातील आणि त्यांचे प्रत्येक पान मूळ पुस्तकाशी ताडून पाहिले जाईल. एकही पान सुटलेले, कापले गेलेले, वाचता न येण्याइतके अंधूक किंवा बोटाखाली झाकलेले आढळले, तर पूर्ण गठ्ठा ठेकेदाराने आपल्या खर्चाने पुन्हा तपासावा. बिल गठ्ठा स्वीकारल्यावरच निघेल. हा नियम ग्रंथालयाबाहेरच्या माणसालाही वापरता येतो, आणि सुटलेले पान दहाव्या महिन्याऐवजी तिसऱ्या महिन्यात सापडते.

आता सीमा. चार्टरमधला सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जाणारा परिच्छेद म्हणजे ‘या प्रकल्पात काय समाविष्ट नाही’. तो लिहायला संकोच वाटतो, आपण देणगीदाराला नकार देतो आहोत असे वाटते. मग कोणी तरी तो भरायचा म्हणून भरतो: ‘इमारतीचे बांधकाम समाविष्ट नाही’. ते कोणी मागितलेच नव्हते. वगळणीची ओळ तेव्हाच कामाची असते, जेव्हा तिच्यामागे ती गोष्ट खरोखर हवी असलेला एक माणूस उभा असतो. म्हणून हा परिच्छेद लिहिण्याआधी बैठकांत कोण काय बोलले ते आठवायचे आणि प्रत्येक इच्छेला आत किंवा बाहेर जागा द्यायची.

या वाचनालयात अशा इच्छा बऱ्याच होत्या. अध्यक्षांच्या पोथ्या: हस्तलिखितांची हाताळणी वेगळी, त्यामुळे बाहेर. सदस्यांचे मासिकांचे खंड: आकार मोठा, वेगळे यंत्र लागते, बाहेर. जीर्ण पुस्तकांची बांधणी: बाहेर, पण स्कॅनिंगवेळी बांधणी उसवायची नाही आणि पुस्तक इमारतीबाहेर न्यायचे नाही, ही अट आत. एका तरुण सदस्याला मोबाइल ॲप हवे होते. ते बाहेर. पुस्तके संकेतस्थळावर चढवणे याही वर्षी बाहेर, कारण संकेतस्थळाचा दरवर्षीचा खर्च कोण करणार हे ठरलेले नाही.

सर्वांत जास्त चर्चा एका साध्या वाटणाऱ्या मागणीवर झाली.

‘अहो, स्कॅन केले म्हणजे आतला कोणताही शब्द शोधता येईलच ना?’ असे अध्यक्षांनी विचारले.

‘नाही साहेब,’ ग्रंथपाल बाई म्हणाल्या. ‘स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. फोटोतली अक्षरे संगणकाला वेगळी वाचायला लावावी लागतात, आणि आपल्या पुस्तकांत ते नीट जमत नाही.’

त्यांचे म्हणणे बरोबर होते. छायाचित्रातून अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआर प्रणाली आजच्या स्वच्छ छपाईवर चांगल्या चालतात. शिळाप्रेसवर छापलेली पुस्तके हाताने लिहिलेल्या अक्षरांवरून छापलेली असतात. जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे वेगळी, झिजलेल्या खिळ्यांचे काने-मात्रे तुटलेले, आणि 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार जागोजागी. एवढ्या चुका माणसाने दुरुस्त करायच्या तर ते काम स्कॅनिंगपेक्षा मोठे होते. चार्टरमध्ये म्हणून असे लिहिले गेले: ‘शोध सूचीतील नोंदींपुरता राहील. पुस्तकाच्या आतील मजकुरात शोध घेण्याची सोय समाविष्ट नाही. मूळ छायाचित्रे जपून ठेवल्यामुळे ती सोय भविष्यात करता येईल.’ अध्यक्ष थोडे नाराज झाले. ती नाराजी पहिल्या महिन्यात आणि कागदावर व्यक्त झाली, हे चांगलेच झाले. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर ती व्यक्त झाली असती, तर हजार पुस्तकांचे नेटके काम फसवणुकीसारखे दिसले असते.

राहिला ‘सहज’. त्याची व्याख्या अशी झाली: वाचनालयाच्या वेळेत, सभासद असो वा नसो, कोणत्याही वाचकाला वाचनकक्षातील संगणकावर सूचीतून पुस्तक शोधून कर्मचाऱ्याच्या मदतीशिवाय पूर्ण वाचता आले पाहिजे. तपासणी करायची ती प्रकल्पाशी संबंध नसलेल्या पाच वाचकांना बसवून.

इथे कंपनीकडून एक सूचना आली. प्रकल्पानंतर वाचकसंख्या 30 टक्क्यांनी वाढावी, असे उद्दिष्ट घाला. आकडा असल्यामुळे ती नेमकी वाटते, पण ती डिलिव्हरेबलच्या यादीत बसत नाही. वाचक वाढणे हा कामानंतर घडू शकणारा परिणाम आहे. परीक्षांचा हंगाम, वाचनालयाच्या वेळा, शेजारी उघडलेली अभ्यासिका अशा अनेक गोष्टी त्याला कारण असतात. प्रकल्पप्रमुखाने यादीतले सगळे नीट करूनही वाचक वाढले नाहीत, तर त्याचे काम अपुरे मानायचे का? परिणामासाठी वेगळा परिच्छेद करावा, तो कोण मोजणार आणि केव्हा मोजणार हे लिहावे, आणि त्याची जबाबदारी वाचनालयाच्या कार्यकारिणीकडे ठेवावी. प्रकल्प संपल्याचा दाखला त्यावर अडवू नये. परिणामाचा आकडा कामाच्या यादीत घुसला, की तो गाठण्यासाठी पुढे नवनवी कामे जोडली जातात. ॲप असेच मागच्या दाराने परत येते.

आणि कामे जोडली जाणारच. कितीही काळजीने लिहिलेली व्याप्ती बदलते, म्हणून बदल कोणाच्या सहीने होईल हेही त्याच पानावर असावे. इथे ठरले ते असे: यादीतले एखादे पुस्तक इतके जीर्ण निघाले की हाताळता येत नाही, तर ग्रंथपाल बाईंनी त्याऐवजी क्रमातले पुढचे घ्यावे. एकूण पाने 2,20,000 च्या पाच टक्के वरखाली होईपर्यंत, म्हणजे 11,000 पानांपर्यंत, कार्यवाहांनी निर्णय घ्यावा. त्यापुढे, किंवा ‘समाविष्ट नाही’ मधली कोणतीही गोष्ट आत घ्यायची असेल, तर खर्च आणि मुदत यांच्या नव्या आकड्यांसह कंपनीची लेखी मंजुरी घ्यावी. अध्यक्षांचा फोन ही मंजुरी नव्हे.

या रीतीलाही मर्यादा आहे. तासाला 250 पाने हा अंदाजच असतो. कागद अपेक्षेहून ठिसूळ निघाला तर वेग निम्म्यावर येऊ शकतो, आणि 147 दिवसांचे 294 होतात. सुरुवातीला माहीत नसलेली गोष्ट नेमकी असल्याचे सोंग करू नये. पहिल्या महिन्यात 50 पुस्तके करून पाहायची, प्रत्यक्ष वेग आणि प्रत्यक्ष खर्च मोजायचा, आणि त्या आकड्यांवर हजाराचा आकडा कायम ठेवायचा की बदलायचा यासाठी प्रायोजकाची दुसरी सही घ्यायची, अशी सोय चार्टरमध्येच करता येते. तोवर मंजुरी 50 पुस्तकांपुरती. ज्या कामात शेवटी काय हाती लागेल हेच शोधायचे असते, उदाहरणार्थ संशोधनात, तिथे डिलिव्हरेबल ठरवता येत नाही. तिथे मुदत, रक्कम आणि कोणत्या टप्प्यावर थांबून विचार करायचा एवढेच ठरवून मंजुरी मागावी.

दुरुस्त झालेले वाक्य शेवटी असे उभे राहिले: ‘सोबतच्या यादीतील, 1940 पूर्वी छापलेल्या व कॉपीराइट संपलेल्या 1,000 पुस्तकांची डिजिटल मूळ प्रत व वाचन-प्रत बारा महिन्यांत, 15 लाख रुपयांत तयार करून, ती वाचनालयाच्या वाचनकक्षात कोणत्याही वाचकाला शोधून वाचता येईल अशी व्यवस्था करणे.’ मूळ वाक्याइतके ते भारदस्त नाही. त्याला नाही म्हणता येते, त्यातला आकडा बदलून मागता येतो, वर्षाअखेरीस ते पूर्ण झाले की नाही हे दोघांना सारखेच सांगता येते. म्हणूनच प्रायोजकाने त्यावर सही करावी.

सही खरी आहे की केवळ शिष्टाचाराची, हे ओळखण्याची एक खूणही अनुभवी माणसे सांगतात. प्रायोजकाने सगळे वाचून ‘ठीक आहे, करून टाका’ एवढेच म्हटले, तर त्याला विनंती करावी की यातून आपल्याला काय मिळणार नाही ते एकदा आपल्या शब्दांत सांगा. पोथ्या नाहीत, मासिके नाहीत, आतल्या मजकुरात शोध नाही, असे त्याने अडखळत का होईना सांगितले, तर कागद पोहोचला. सांगता आले नाही, तर सही घेण्याची घाई करू नये. आणखी एक बैठक घ्यावी.

वाचकांपैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर असतील: वाचनालय, शाळा, गृहनिर्माण सोसायटी, सहकारी बँक. पुढच्या सभेत ‘सक्षमीकरण’, ‘सुशोभीकरण’ किंवा ‘आधुनिकीकरण’ असा ठराव समोर आला, तर हात वर करण्याआधी एवढेच मागावे: यात काय समाविष्ट नाही, याची लेखी यादी.